चार वाजून बावीस मिनिटं

या वेळचं पत्र एका वाचक मुलीचं आहे. थोडं लांब आहे, पण कापलं असतं तर उत्तरातली निम्मी माहितीच गेली असती, म्हणून जवळजवळ पूर्ण देते.

"ताई, आमच्या आजीचं साखळीचं घड्याळ आहे. तिच्या वडिलांचं. ती ते रोज रात्री नऊला चावी देऊन उशाशी ठेवते. बाबा, काका आणि आत्या तिघं तीन देशांत असल्यामुळे अकरा वर्षांत सगळे एका छताखाली आलो नव्हतो. यंदा उन्हाळ्यात सगळे आमच्याकडे जमलो. आजी भारतातून आली, घड्याळ पदराच्या टोकाला बांधून. विमानात बसल्यावरही तिनं त्याची वेळ बदलली नाही. 'ते घरचं दाखवतंय, दाखवू दे,' म्हणाली.

सकाळी काकांनी हौसेनं चावी दिली. 'आईचे हात थकले असतील,' म्हणून अगदी घट्ट होईपर्यंत. दुपारभर गप्पा चालल्या. संध्याकाळी सगळ्यांचा फोटो काढताना आजी म्हणाली, घड्याळ मध्ये ठेवा. बघितलं तर बंद. चार वाजून बावीस मिनिटं. त्याच सुमारास आत्या दारातून आत आली होती, सगळ्यांत शेवटी. ती फोटोला उभी राहण्याऐवजी रडायलाच लागली. तिचं म्हणणं, घड्याळ थांबणं चांगलं नाही, आईची काळजी घ्या. बाबांचं म्हणणं, काकांनी चावी जास्त दिली, स्प्रिंग गेली. काका म्हणाले, 'अकरा वर्षांनी आलो तर पहिल्या दिवशी चोर ठरलो,' आणि दुसऱ्या दिवशी हॉटेलात राहायला गेले. आता सगळे आपापल्या देशी परतलेत आणि ग्रुपवर कोणी कोणाला उत्तर देत नाही. आजी काहीच बोलत नाही. ती अजून महिनाभर आमच्याकडेच आहे. घड्याळ दुरुस्त करावं, की त्या दिवसाची आठवण म्हणून तसंच ठेवावं? आणि काकांना काय सांगू?"

माझे वडील घड्याळजी होते. मी स्वतः दुरुस्ती करत नाही, पण लहानपणी त्यांच्या टेबलाशी बसून जे कानावर पडलं ते अजून आहे. म्हणून आधी मी या मुलीला तीन गोष्टी करून बघायला सांगितल्या. चावी हळूच फिरवून बघ, अडते का. घड्याळ कानाशी धरून मनगटानं हलकेच वळव, टिकटिक होते का. आणि पुन्हा चालू झालं तर कितीला बंद पडतं ते लिहून ठेव.

तिचं उत्तर असं: चावी घट्ट आहे, पुढे फिरत नाही. वळवलं की दोन-चार टिकटिका होतात आणि थांबतं. बाबांनी काच उघडून बोटानं काटा थोडा पुढे सरकवला तेव्हा ते नीट चालू झालं, पण सव्वापाचच्या पुढे कधीतरी पुन्हा थांबलं. तेव्हा काटे पाच सत्तावीसवर होते.

काकांची सुटका इथंच झाली. चावी जोरानं देऊन स्प्रिंग तुटली असती तर चावी आता गरगर फिरली असती, कुठेही न अडता. ती घट्ट आहे, म्हणजे स्प्रिंग शाबूत आहे आणि पूर्ण भरलेली आहे. 'जास्त चावी दिली म्हणून घड्याळ बंद पडलं' हे वाक्य वडिलांकडे गिऱ्हाईक रोज म्हणायचं आणि ते रोज हसायचे. भरलेली स्प्रिंग घड्याळ थांबवत नाही, तीच तर ते चालवते. भरलेली असूनही चालत नसेल तर तिची ताकद पुढे कुठेतरी अडते आहे: सुकून चिकट झालेल्या तेलात, कचऱ्यात, किंवा काट्यांत. थांबलेल्या घड्याळातली स्प्रिंग उलगडूच शकत नाही, म्हणून ती घट्ट लागते. लोक परिणामाला कारण समजतात.

आता त्या दोन वेळा बघा. चार बावीस आणि पाच सत्तावीस. मधे साधारण पासष्ट मिनिटं. तास काटा आणि मिनिट काटा बारा तासांत अकरा वेळा एकमेकांवर येतात, दर पासष्ट मिनिटं आणि सत्तावीस सेकंदांनी. बारानंतर एक पाच, दोन अकरा, तीन सोळा, चार बावीस, पाच सत्तावीस, असं. म्हणजे घड्याळ आत्या आल्यामुळे थांबलं नाही, काकांमुळेही नाही. मिनिट काटा थोडा खाली दबलेला आहे आणि तास काट्याच्या वरून जाताना त्याला अडतो. जुन्या घड्याळात या दोन काट्यांमधलं अंतर कागदाच्या दोन-तीन पानांएवढं. एवढंसं दबलं तरी पुरे.

मग तो दबला कसा? मी परत विचारलं: चावीशेजारी कडेला एखादी बारीक खुंटी आहे का, नख लागेल इतकीच? आहे, म्हणाली. हे मला हवंच होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला बऱ्याच स्विस घड्याळांना अशी खुंटी असे. आजच्या घड्याळात चावी बाहेर ओढली की काटे फिरतात. यांच्यात चावी ओढायची नसते. ती खुंटी नखानं दाबून धरायची, तशीच धरून चावी फिरवायची. ज्याला हे ठाऊक नाही तो चावी ओढून बघतो, ती येत नाही, मग काच उघडतो आणि बोटानं काटा ढकलतो. तुझ्या बाबांनीही नेमकं तेच केलं.

भारतातून आलेलं घड्याळ तुमच्याकडे साडेचार तास पुढे होतं. घरातल्या कोणाला तरी त्या दिवशी वाटलं असणार की आजीचं घड्याळ चुकीची वेळ दाखवतंय, बरोबर करून देऊ. मिनिट काटा बोटाखाली साडेचार फेरे मागे गेला, प्रत्येक फेऱ्यात एकदा तास काट्यावरून घासत गेला, आणि दबला. घरचं दाखवत असतं तर तुमच्या चार बावीसला ते आठ बावन्न दाखवत असतं. थांबलेल्या घड्याळात तुमच्या घरची वेळ होती हे कोणाच्या लक्षात आलं नाही, इतके सगळे भांडणात होते.

ते कोणी केलं, मला माहीत नाही. तुला कळलं तरी ग्रुपवर लिहू नकोस. काकांवरचा आळ उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवला तर ग्रुप आणखी सहा महिने गप्प. त्यापेक्षा काकांना फोन कर आणि एवढंच सांग: चावी घट्ट आहे, म्हणजे स्प्रिंग तुटलेली नाही. त्यांनी विचारलं तर पासष्ट मिनिटांचा हिशोब सांग. चूक नव्हती हे सिद्ध करून मिळालं की माणूस निवळतो. नुसतं 'जाऊ दे, काका' म्हटलं तर तो आळ कायम ठेवूनच माफ केल्यासारखं होतं. बाबांनी स्वतः फोन करून 'मी चुकलो' म्हटलं तर उत्तम, पण तो फोन तू करायचा नाहीस.

घड्याळाचं म्हणशील तर दुरुस्त कर. थांबलेलं ठेवण्यात मला काव्य दिसत नाही. त्या वेळेकडे बघून प्रत्येकाला आपापलं भांडणच आठवेल. पण घरी काही करू नका. सुरीचं टोक घालून काटा वर उचलायचा मोह होईल. तबकडी पांढरी, काचेसारखी चकचकीत असेल तर ती मिन्याची आहे आणि तिला टोक लागलं की केसाएवढी चीर जाते, जी कधीच पुसत नाही. शिलाई मशीनचं तेल तर अजिबात नको. ते पसरतं, नको तिथं जातं आणि धूळ धरून ठेवतं.

यांत्रिक घड्याळं करणारा घड्याळजी शोध, नुसता सेल बदलणारा नको. त्याला सांग की काटे एकमेकांना अडतात, दोन्ही वेळा लिहून दे. नुसत्या काट्याचं काम थोड्या वेळाचं आहे. तो बहुधा विचारेल, आत शेवटचं कधी साफ झालं. आजीला आठवत नसेल तर सगळं उघडून साफ करून नवीन तेल घालायला हो म्हण. जुनं तेल सुकलेलं असताना घड्याळ चालवत राहिलं तर आतली बारीक टोकं झिजतात. मात्र झाकण पॉलिश करू नका, तबकडी नवी करू नका, आणि काही भाग बदलावाच लागला तर जुना भाग परत मागा, असं आधीच बजाव. झाकणावरच्या ओरखड्यांत आजीच्या वडिलांची बोटं आहेत.

एक राहिलं. आजी काहीच बोलत नाही म्हणालीस. तिला एकदा विचार, खुंटी कशी दाबायची. मला वाटतं, तिला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

हे उत्तर पाठवून पाच आठवडे झाले आणि काल त्या मुलीचा छोटा मेल आला. घड्याळजीनं काटा सरळ केला आणि आतून सगळं धुऊन दिलं. काकांनी तिचा फोन उचलला, हिशोब दोनदा करून घेतला आणि म्हणाले, 'हे लेखी पाठव.' आतेभाऊ, वय सोळा, त्यानं आपण होऊन सांगितलं की आजीला वेळ बरोबर करून द्यावी म्हणून काटा त्यानं फिरवला होता. आजी म्हणाली, मला दिसलं होतं, पण पोराला सगळ्यांसमोर कुठं बोलायचं.

मग रविवारी सगळ्यांनी मिळून व्हिडिओ कॉल केला. तीन देशांतली घरं पडद्यावर, आणि मधे टेबलावर घड्याळ, पुन्हा भारताची वेळ दाखवणारं. नऊ एकोणपन्नासला मिनिट काटा तास काट्यावर आला. कोणी बोलत नव्हतं. तो पलीकडे गेला तेव्हा काकांनी टाळी वाजवली आणि आत्या पुन्हा रडली. आजीनं घड्याळ उचलून कानाशी धरलं आणि विचारलं, "नऊला चावी कोणी दिली का, की गप्पांत विसरलात?"