दारात सॅनिटायझर लावला, मग पुढे काय?

“आईचं खुब्याचं ऑपरेशन बेळगावात झालंय. वॉर्डच्या सिस्टरनी पत्र दिलंय: एका वेळी एकच पाहुणा, आणि पेशंटला हात लावण्याआधी हात स्वच्छ करा. रविवारी निपाणीकडून गाडीभर माणसं येणार आहेत. दारात सॅनिटायझर लावला की झालं ना? आणि मोठ्या माणसांना नको कसं म्हणू?”

दारात लावलेला सॅनिटायझर खाटेपर्यंत टिकतोच असं नाही रे. वॉर्डात काम करताना मी हे रोज बघायचे. एक मामा आले, दारात सॅनिटायझर लावला. चालता चालता फोन वाजला, तो घेतला, स्टूल ओढलं, खाटेची दांडी धरली आणि “बघू काय केलंय” म्हणत थेट पट्टी चाचपली. दारात केलेलं सगळं फुकट गेलं. पत्रात “पेशंटला हात लावण्याआधी” लिहिलंय ते यासाठीच. बाटली खाटेपाशी हवी, आणि फोन घेतला तर हात पुन्हा चोळायचे. परत निघतानाही चोळायचे, नाहीतर वॉर्डातले जंतू घरच्या बाळापर्यंत पोचतात.

थेंबभर लावून पदराला पुसणं काही कामाचं नाही. तळव्यात घसघशीत घ्यायचा आणि आपोआप सुकेपर्यंत, म्हणजे 20 ते 30 सेकंद चोळायचा. बोटांची टोकं आणि अंगठे हमखास राहतात, आणि जखमेला लागतात ती टोकंच. अंगठ्या आधी काढायच्या.

दोन वेळा मात्र साबण-पाणीच लागतं. एक, हात मळलेला किंवा चिकट असेल तेव्हा. तुमच्याकडचे आजोबा तंबाखू मळून येतील, कुणी कुंद्याचा डबा उघडेल, अशा हातावर सॅनिटायझर नीट चालत नाही. दुसरं, पेशंटला किंवा शेजारच्या खाटेवर जुलाब असतील तर. जुलाबाचे काही जंतू अल्कोहोलला दाद देत नाहीत, ते चोळून आणि वाहत्या पाण्यानं धुऊनच जातात. एकूण 40 ते 60 सेकंद लागतात.

गर्दीचं म्हणशील तर, स्टूल एकच असतं, म्हणून बाकीचे खाटेवर टेकतात. कुणी लघवीची पिशवी मध्ये येते म्हणून उचलून खाटेवर ठेवतो आणि त्यातली लघवी नळीतून उलटी मूत्राशयाकडे जाते. ती पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता लटकलेली असावी.

मोठ्यांना नको म्हणू नकोस, पाळी लाव. तू किंवा बहीण खाली थांबा, एकेकाला पाच मिनिटांसाठी वर पाठवा. बाकीच्यांना चहा पाजा. सर्दी-खोकला, ताप असलेल्यांनी येऊच नये, आणि जुलाब थांबून दोन दिवस झाले नसतील त्यांनीही. हे आज रात्रीच ग्रुपवर टाक, चिकोडीकडच्या कन्नड पाहुण्यांना कन्नडमधून. आणि लिहिताना नाव सिस्टरचं घाल. “सिस्टर आत सोडत नाहीत” म्हटलं की काकासुद्धा रुसत नाहीत. आम्हाला त्याची सवय असते.