‘खूप’ काढा, क्रियापद बदला

तुम्ही लिहिलेला परिच्छेद चांगला जमलाय. आता पेन्सिल घेऊन ‘खूप, अतिशय, अगदी, एकदम, जोरात, पटकन’ या शब्दांना गोल करा. तुमचंच वाक्य घ्या: ‘तो खूप जोरात ओरडला आणि त्याने अतिशय रागाने दार बंद केलं.’ नवीन माणूस इथे ‘रागाने’सकट हे शब्द नुसते खोडतो. मग उरतं ‘ओरडला, दार बंद केलं’, आणि राग गायब होतो. क्रियापदच बदला: ‘तो कडाडला. त्याने दार आपटलं.’ ‘रागाने’ आता लागतच नाही.

पण सरसकट कात्री नको. ‘आजी हळूच हसली’ मधलं ‘हळूच’ काढलंत तर आजीचं हसू सगळ्यांना ऐकू जाईल. शब्द झाकून वाक्य मोठ्याने वाचा. चित्र बदललं तर तो ठेवा. संवादातलं ‘खूप’ही राहू द्या, माणसं तसंच बोलतात.