सर्च रिपोर्ट, म्हणजे वकिलाने जुने दस्त तपासून दिलेला मालकीचा अहवाल, हातात आला. आता तो वाचायचा कसा?

आमची कंपनी वाळवा तालुक्यात जागा घेत आहे. सातबाऱ्यावर विक्रेत्याचं एकट्याचं नाव आहे. मग मालकी पक्की धरायची ना?

नाही. सातबारा हा महसुली कागद आहे. त्यावरची नोंद खरी धरली जाते, पण उलट पुरावा येईपर्यंतच. तो पुरावा तुमच्याच रिपोर्टात दडलेला असू शकतो.

मालकीच्या साखळीतल्या 1955 च्या खरेदीखतात "तालुका वाळवा, जिल्हा दक्षिण सातारा" असं आहे आणि सर्व्हे नंबर आहे. आताच्या कागदात सांगली आणि गट नंबर. आमच्या मुंबई ऑफिसने "मिळकत जुळत नाही" असा शेरा मारला आहे.

जिल्ह्याचं नाव चूक नाही. 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्याआधीच्या दस्तात नुसतं "जिल्हा सातारा" दिसलं तरी दचकू नका. सर्व्हे नंबरचा गट कसा झाला, हे मात्र तपासायलाच हवं. एकत्रीकरणाचा उतारा मागा. जुना कोणता नंबर, किती क्षेत्र, कोणत्या गटात गेलं हे त्यात मिळेल. रिपोर्टात हा दुवा नसेल तर रिपोर्ट वकिलाकडे परत पाठवा.

रिपोर्टात चतुःसीमा दिलेली आहे: पूर्वेस अमक्याची शेती, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस रस्ता वगैरे. आर्किटेक्टला हीच दिली तर चालेल का?

चालणार नाही. ही चतुःसीमा बहुतेक वेळा मागच्या खरेदीखतातून उतरवलेली असते, आणि त्या खतात त्याच्याही मागच्या खतातून. "अमक्याची शेती" यातला अमका कधीच वारलेला असतो आणि त्याची जमीन तीन हातांत गेलेली असते. म्हणून चारही बाजूंना माणसाच्या नावाऐवजी लागून असलेला गट नंबर लिहून काढा. शेजारी गट नकाशा ठेवा आणि एकेक बाजू पडताळा. खतात दक्षिणेला रस्ता आहे आणि नकाशात तिथे दुसरा गट आहे, असं निघालं तर तो "रस्ता" म्हणजे शेजाऱ्याच्या बांधावरची पायवाट असण्याचीच शक्यता जास्त. तुमचे ट्रेलर तिथून जाणार नाहीत.

गटाचा काही भागच घेत असाल तर नकाशाही पुरत नाही, कारण त्यात तुमच्या तुकड्याची रेघच नसते. भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून "क" प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, घ्या. मोजणीला वेळ लागतो, म्हणून एजंट खासगी सर्व्हेअरचा रंगीत नकाशा पुढे करतो. तो आराखड्याला ठीक आहे, पण हद्दीच्या वादात त्याचा भरवसा धरू नका.

रिपोर्टात इतर हक्काच्या रकान्याबद्दल "बोजा निरंक" आहे. जुन्या फेरफारात, म्हणजे सातबाऱ्यावरचा बदल नोंदवणाऱ्या नोंदीत, मात्र त्या रकान्यात विक्रेत्याच्या आत्यांची नावं होती असं कळतं. विक्रेता म्हणतो, त्यांनी तोंडी सोडलं आहे. बोजा नाही म्हटल्यावर पुढे जायचं का?

थांबा. हीच गल्लत घेऊन लोक माझ्याकडे येतात, आणि बहुतेक जण विसार देऊन झाल्यावर येतात.

इतर हक्काचा रकाना म्हणजे फक्त कर्जाचा रकाना नव्हे. सोसायटीच्या कर्जाचा इकरार, बँकेचा बोजा, विहिरीतला पाण्याचा हिस्सा हे तिथे असतंच. पण आपल्याकडे बाप वारला की मुलगे कब्जेदार आणि मुली इतर हक्कात, अशी वारस नोंद करण्याची सर्रास रीत होती. कायद्याने मात्र त्या मुली भावांइतक्याच मालक असतात. रिपोर्ट लिहिणारा त्या रकान्यात कर्ज शोधतो, कर्ज दिसत नाही आणि तो "निरंक" लिहून मोकळा होतो.

समजा गट 2 हेक्टरचा, म्हणजे 200 आर. आजोबांनी 1964 मध्ये स्वतःच्या पैशांनी घेतला. 1978 मध्ये ते मृत्युपत्र न करता वारले. आजी आधीच गेलेली. मागे दोन मुलगे, दोन मुली. हिंदू उत्तराधिकार कायद्याने चौघांना सारखा, म्हणजे पूर्ण गट सोळा आणे धरला तर चार-चार आणे, प्रत्येकी 50 आर. फेरफारात मुलगे कब्जेदार झाले आणि मुली इतर हक्कात गेल्या. पुढे सातबारा नव्याने लिहिताना मुलींची नावं उतरवायची राहिली. 1999 मध्ये दोघा भावांनी पूर्ण 200 आर गावातल्याच एका शेतकऱ्याला खरेदी दिली. आज तो तुम्हाला विकतो आहे.

आता तीस वर्षांचा शोध 1978 च्या बऱ्याच नंतर सुरू होतो. त्यात 1999 चं खत दिसतं. इंडेक्स दोनमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या दस्तांच्या सूचीत, बहिणींचं नाव येणारच नाही, कारण त्यांनी कुठला दस्तच केलेला नाही. रिपोर्ट सरळ, सातबारा सरळ. फक्त 1978 चा फेरफार बोलतो, आणि तो तीस वर्षांच्या अलीकडे नाही. भावांनी विकलं आठ आणे, तुम्ही पैसे मोजताय सोळा आण्यांचे.

म्हणून साखळी नुसत्या तारखांची लिहू नका. प्रत्येक टप्प्यावर कोणाकडे होतं, कशाने आलं, किती आणे आले आणि किती आणे गेले हे लिहा. ज्या ओळीला बेरीज सोळा होत नाही, तिथे माणूस गळला आहे. तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्या ओळीचा मूळ फेरफार काढा. वारसांची नावं मोजा, मग विकणाऱ्यांची मोजा.

"तोंडी सोडलं" याला अर्थ नाही. स्थावराचा हिस्सा नोंदणीकृत दस्तानेच सोडता येतो. तलाठ्याकडच्या वर्दीवरचा अंगठा म्हणजे हक्कसोड नव्हे. आणि वरच्या उदाहरणासारखी जमीन पुढे विकली गेली असेल तर साधं हक्कसोडपत्र करून भागेल असंही नाही. हक्कसोड सहमालकाच्या लाभात होतं आणि तिथे भाऊ तर विकून बाजूला झाले आहेत. आत्या, किंवा त्या नसतील तर त्यांचे सगळे वारस, विक्रीत सामील व्हावेत की वेगळा दस्त घ्यावा, मुद्रांक किती लागेल, हे तुमच्या वकिलाने मूळ कागद बघून ठरवायचं. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिस्स्याचं गणित बदलतं, वरचे आकडे तिथे लावू नका. "ताबा कित्येक वर्षांचा आहे" हा युक्तिवाद विक्रेत्याने कोर्टात करावा. कंपनीने पैसे देऊन दावा विकत घेऊ नये.

एजंट म्हणतो, पेपरात जाहीर नोटीस देऊ, कोणाची हरकत आली नाही की टायटल क्लिअर.

नोटीस द्यावी, पण हरकत आली नाही म्हणून मालकी तयार होत नाही. कोणी वाचत नाही अशा पेपरात कोपऱ्यात छापायची युक्ती जुनी आहे. पेपर तुम्ही निवडा.

सोसायटीचं कर्ज फिटलं, बेबाकी दाखला आहे. सातबाऱ्यावर बोजा अजून दिसतो. दाखल्यावर भागेल का?

बोजा कमी झाल्याचा फेरफार मंजूर होऊन नवा उतारा येईपर्यंत खरेदी करू नका. दाखला खरा आहे का, हे सोसायटीत आणि तिला कर्ज देणाऱ्या बँकेत स्वतः जाऊन विचारा. शिवाय मूळ खरेदीखत पाहायला मागा. विक्रेता झेरॉक्सच दाखवत असेल तर मूळ कागद गहाण ठेवलेला असू शकतो. असा गहाण सातबाऱ्यावर दिसेलच असं नाही. 2013 पासून अशा गहाणाची सूचना निबंधकाकडे देणं बंधनकारक आहे. त्याआधीचा गहाण नोंदवहीत सापडेल या भरवशावर राहू नका.

कंपनी शेतकरी नाही. आधी ओळखीच्या शेतकऱ्याच्या नावावर घेऊन नंतर कंपनीकडे वळवली तर?

अजिबात नको, ती बेनामी खरेदी ठरते. औद्योगिक वापरासाठी शेतजमीन घ्यायची वाट कूळकायद्याच्या कलम 63-1अ मध्ये आहे. ती तुमच्या गटाला लागू होते का, गट कोणत्या झोनमध्ये आहे आणि वर्ग दोनचा, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारा, तर नाही ना, हे विसार देण्याआधी वकिलाकडून लेखी घ्या.