मॅन्युअलच्या फोटोवरून बिघाडांचा तक्ता

वॉशिंग मशीनच्या मॅन्युअलमधल्या पानाचा फोटो आहे. त्यातून लक्षण, कारण, उपाय असा तक्ता कसा करू?

एका कारणाला एक ओळ द्या. छापील पानावर लक्षण एकदाच असतं आणि त्यापुढे दोन-तीन कारणं. फोटोतला मजकूर उचलताना ही जोडी तुटते आणि उपाय भलत्याच कारणापुढे बसतो. म्हणून प्रत्येक रकाना वेगळा कापून मजकूर उचला आणि लक्षण दर ओळीत पुन्हा लिहा:

| लक्षण | कारण | उपाय |
|---|---|---|
| पाणी बाहेर जात नाही | ड्रेन पाइप दुमडला | पाइप सरळ करा |
| पाणी बाहेर जात नाही | फिल्टर तुंबला | विजेचा प्लग काढा, साचलेलं पाणी काढून फिल्टर धुवा |

एरर कोड मात्र मूळ फोटोशी एकेक अक्षर ताडून पाहा. 5E चं SE सहज होतं.