पायरी की कोपरा? जुन्या गेमची चित्रे मोठी करताना

पिक्सेल आर्ट आणि जुन्या गेमचे स्क्रीनशॉट मोठे करण्याविषयी माझ्याकडे येणारी पत्रे वेगवेगळी असली, तरी त्यांतला गोंधळ बहुधा एकच असतो. म्हणून त्यांतील काही प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : जिम्पमध्ये चित्र मोठे केले की धूसर होते. काय करावे?

Scale Image च्या खिडकीत Interpolation समोर None निवडा आणि पट पूर्णांकातच ठेवा. None म्हणजेच निअरेस्ट नेबर : रंग न मिसळता प्रत्येक ठिपका तसाच मोठा करणारी पद्धत.

प्रश्न : डॉसवरील ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा ३२० × २०० चा स्क्रीनशॉट निअरेस्ट नेबरने १०८० उंचीचा केला. धूसर झाला नाही, पण अक्षरे कुठे जाड, कुठे बारीक दिसतात आणि राजपुत्र बुटका वाटतो.

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. २०० ओळींच्या १०८० करायच्या म्हणजे ५.४ पट. निअरेस्ट नेबरला अर्धी-पाव ओळ काढता येत नाही. त्यामुळे मूळच्या दर पाच ओळींपैकी तीन ओळी पाच पिक्सेल जाड होतात आणि दोन सहा पिक्सेल जाड होतात. अक्षराची आडवी रेघ कोणत्या ओळीवर पडली, हा मग नशिबाचा भाग ठरतो. उभ्या रेघांचेही तसेच.

राजपुत्र बुटका वाटतो, कारण ३२० × २०० चे हे चित्र ४:३ आकाराच्या मॉनिटरवर पूर्ण पडदाभर दिसत असे, म्हणजेच त्यातला प्रत्येक पिक्सेल रुंदीच्या १.२ पट उंच होता. आजच्या पडद्यावरचे पिक्सेल चौरस असल्यामुळे तेच चित्र दबते. उपाय सरळ आहे : रुंदी पाचपट आणि उंची सहापट करा. १६०० × १२०० चे स्वच्छ, ४:३ चे चित्र मिळते. ते १०८० उंचीच्या पडद्यावर बसवायचे असेल, तर त्यानंतरच सरासरी काढणाऱ्या पद्धतीने लहान करा. इमेजमॅजिक या प्रोग्राममध्ये हे असे होते :

```
magick prince.png -sample 500%x600% mothe.png
magick mothe.png -scale 1440x1080 padda.png
```

काही ठिपक्यांच्या कडांवर जेमतेम एका पिक्सेलचा मऊपणा येईल, पण जाडी सगळीकडे सारखी राहील. दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या उरतात, त्या उरू द्या. मात्र हे गुणोत्तर सर्व यंत्रांना लागू नाही. तुमचा गेम डॉसच्या ३२० × २०० चा नसेल, तर त्या यंत्राची माहिती असलेल्याला विचारून मगच आकडे ठरवा.

प्रश्न : जुन्या काचेच्या मॉनिटरवर सगळे मऊच दिसायचे, म्हणून स्मूथ करणेच मूळ रूपाला धरून आहे, असे एका व्हिडिओत सांगितले होते. खरे आहे का?

दूरचित्रवाणी संचाला जोडलेल्या गेम-यंत्रांबाबत हे बऱ्याच अंशी खरे आहे. डॉसच्या व्हीजीए मॉनिटरबाबत नाही. त्या ३२० × २०० च्या मोडमध्ये प्रत्येक ओळ दोनदा रेखाटली जात असे, म्हणजे पडद्यावर ४०० ओळी पडत, आणि ठिपके बरेच स्पष्ट दिसत. ऐकीव गोष्ट एका यंत्रावरून दुसऱ्यावर ढकलली की असे होते.

प्रश्न : निअरेस्ट नेबरपेक्षा स्केल-टू-एक्स किंवा एचक्यू-थ्री-एक्स हे कडा गुळगुळीत करणारे स्केलर ‘चांगले’ आहेत, असे सगळे म्हणतात. सगळ्या संग्रहावर एकदाच चालवू का?

नाही. हा प्रश्न मला सर्वांत जास्त सतावतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्केल-टू-एक्स हे आंद्रेआ माझोलेनी यांनी २००१ मध्ये तयार केले आणि त्याचा नियम दोन वाक्यांत मावतो. एका ठिपक्याचे चार तुकडे करताना ते फक्त वरचा, खालचा, डावा आणि उजवा असे चार शेजारी पाहते. वरचा व खालचा वेगळे असतील, डावा व उजवाही वेगळे असतील, आणि वरचा व डावा मात्र एकाच रंगाचे असतील, तर वरच्या-डाव्या तुकड्याला तो रंग मिळतो. उरलेल्या तीन तुकड्यांना हाच नियम त्यांच्या त्यांच्या बाजूने लागू होतो.

आता तिरप्या रेषेतली एक पायरी घ्या. तिच्या टोकाच्या ठिपक्याला वर आणि डावीकडे पार्श्वभूमी आहे, खाली आणि उजवीकडे आकृती. नियम लागतो, टोक कापले जाते, रेषा गुळगुळीत होते, आपण खूश होतो. आता तुरुंगाच्या भिंतीतली एक वीट घ्या. तिच्या वरच्या-डाव्या कोपऱ्याला वर आणि डावीकडे चुन्याची दरज आहे, खाली आणि उजवीकडे वीट. शेजारी अगदी तेच! म्हणून कोपराही कापला जातो. चार शेजाऱ्यांच्या आधारे पायरी आणि कोपरा यांत फरक करणे शक्यच नाही. दोनदा चालवले की भिंतीतल्या विटा पेढ्यांसारख्या दिसू लागतात. चित्रकाराने काटकोन ठरवून काढला होता, एवढीच माहिती नेमकी हरवते.

मॅक्सिम स्टेपिन यांचे एचक्यू कुटुंब आठ शेजारी पाहते आणि रंग तंतोतंत सारखे नसले तरी जवळचे मानते. त्यामुळे त्याचा अंदाज अधिक चांगला असतो, पण तोही अंदाजच. शिवाय ते रंगांचे मिश्रण करते. दोन रंगांचे ठिपके आलटून-पालटून ठेवून जिथे तिसऱ्या रंगाचा भास निर्माण केलेला असतो, तिथे मूळ चित्रात कधीच नसलेले मधले रंग शिरतात. तपासायला सोपे आहे :

```
magick identify -format "%wx%h %k\n" prince.png
```

शेवटचा आकडा म्हणजे चित्रातील वेगवेगळ्या रंगांची संख्या. निअरेस्ट नेबर ती बदलत नाही, स्केल-टू-एक्स नवा रंग आणत नाही, एचक्यू मात्र आणते.

मोठ्या वक्र आकृत्या आणि ठळक बाह्यरेषा असलेल्या पात्रांवर हे स्केलर मला स्वतःलाही आवडतात. अक्षरे, विटा, खिडक्या आणि दोन-तीन ठिपक्यांचे चेहरे यांवर वापरू नका. खेळताना इम्युलेटरमध्ये चालू ठेवायला हरकत नाही, ते केव्हाही बंद करता येते. संग्रहातली मूळ फाइल मात्र तशीच राहू द्या. चित्र दुसऱ्याचे असेल, तर ज्याने काढले त्याला आधी विचारा.

प्रश्न : आमच्या छपाईवाल्याने फाइल ‘३०० डीपीआय एचडी’ करून देण्याचे वेगळे पैसे मागितले. द्यावेत का?

देऊ नका. डीपीआय हा फाइलमध्ये लिहिलेला आकडा आहे. तो बदलल्याने एकही ठिपका वाढत नाही. रुंदी दहापट आणि उंची बारापट करून ३२०० × २४०० ची पीएनजी स्वतः तयार करा. बारा इंच रुंद छापल्यास मूळचा प्रत्येक ठिपका साधारण एक मिलिमीटर रुंद येईल. छपाईवाल्याचे सॉफ्टवेअर छापताना पुन्हा स्मूथ करते का, हे मात्र त्याला विचारा आणि आधी एक छोटा नमुना काढून घ्या. पोस्टर विकायचे असतील, तर हक्कांबाबत वकिलाचा सल्ला घ्या. ते माझे क्षेत्र नाही.

प्रश्न : मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला जुना स्क्रीनशॉट आहे. कोणता स्केलर योग्य?

कोणताही नाही. वर दिलेली रंगमोजणी चालवा. डॉसच्या ३२० × २०० च्या मोडमध्ये एका वेळी जास्तीत जास्त २५६ रंग असत. तुमच्या फाइलमध्ये हजारो निघाले, तर ती जेपीईजीमधून गेली आहे किंवा कुणीतरी धूसर करून मोठी केली आहे. मग शेजारचे दोन ठिपके ‘सारखे’ दिसतात पण असत नाहीत, आणि समानता शोधणारा स्केल-टू-एक्स आंधळा होतो. मित्राकडून मूळ पीएनजी डॉक्युमेंट म्हणून मागवा, आणि आजच मागवा. जुनी हार्ड डिस्क कुणासाठी थांबत नाही.

मिळालेली पीएनजी ६४० × ४०० ची असेल, तर ती आधीच दुप्पट केलेली असू शकते. निम्मी करा, पुन्हा दुप्पट करा आणि पहिलीशी ताडून पाहा :

```
magick june.png -sample 50% mul.png
magick mul.png -sample 200% parat.png
magick compare -metric AE june.png parat.png null:
```

उत्तर शून्य आले, तर mul.png हेच तुमचे मूळ चित्र आहे. शून्याखेरीज काहीही आले, तर पुढे काही न करता फाइल मला किंवा इम्युलेटर नीट जाणणाऱ्या कुणाला तरी दाखवा. गेम पुन्हा चालवून नवा स्क्रीनशॉट घेणे बहुधा जास्त सोपे ठरते.