चार सूर, मग पुन्हा चार: जुन्या बेलची धून पेटीवर कशी ओळखायची

प्रश्न: आजोळी, आर्वीजवळच्या खेड्यात, मामाच्या दाराला बेल होती. आधी चार सूर वाजायचे, त्यातला पहिला उंच आणि चौथा एकदम खोल. जरा थांबून त्याच खोल सुरावरून पुन्हा चार. एवढंच आठवतं. मोबाइलमध्ये गुणगुणून पाहिलं, काही येत नाही. ही कोणती धून आणि खात्री कशी करायची?

उत्तर: तुमच्या वर्णनावरून ही लंडनमधल्या वेस्टमिन्स्टरच्या घड्याळाची धून वाटते. दारावरच्या बेलमध्ये तिचे बहुतेकदा आठच सूर असतात: ग सा रे प, प रे ग सा. दोन्ही प खालच्या सप्तकातले.

तुम्ही सांगितलेल्या दोन गोष्टी कामाच्या आहेत. चौथा सूर सगळ्यात खोल, आणि पाचवा तोच. पण आठवणीवर एवढ्यानंच विसंबू नका. गावातल्या भजनी मंडळाची पेटी मिळाली तर खात्री पाच मिनिटांत होते.

पेटीपुढे बसण्याआधी एक करा. धून जशी आठवते तशी मोबाइलच्या रेकॉर्डरमध्ये एकदा म्हणून ठेवा, आणि तोवर वेस्टमिन्स्टर कुठंही ऐकू नका. एकदा ऐकली की आपण तीच आठवायला लागतो, आणि मग तपासायला काही उरत नाही. म्हणताना हुंकारू नका, "टं, टं, टं, टं" असं प्रत्येक सुराला वेगळा ठोका द्या. हुंकारताना गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, बेल मात्र तुटक वाजते. मोबाइलवरची शोधणीही इथंच चुकते. शिवाय तिला दहा-पंधरा सेकंदांचं गुणगुणणं लागतं, आणि ही धून त्याच्या निम्म्यात संपते.

आता पेटी. मधल्या सप्तकात जोडीनं असलेल्या दोन काळ्यांच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी हा सा धरा. उजवीकडची पुढची पांढरी रे, त्याच्या पुढची ग. खालच्या पसाठी सावरून डावीकडे तीन पांढऱ्या पट्ट्या सरका. मामाच्या बेलची मूळ पट्टी कोणती होती याची काळजी करू नका. ती कुणालाच आठवत नाही आणि लागतही नाही. ओळख पटते ती सुरांमधल्या अंतरावरून. बेलमधले सेल उतरले की काही बेलांची सगळी धून संथ आणि खालच्या पट्टीत वाजते, पण अंतरं तीच राहतात.

ग, सा, रे, खालचा प असं वाजवा. पहिले तीन सारख्या लांबीचे, चौथा लांबवलेला. थोडं थांबून खालचा प, रे, ग, सा, इथंही शेवटचा लांब. हे तुमच्या रेकॉर्डिंगशी ताडून पाहा आणि दोनच जागी कान लावा.

पहिली जागा म्हणजे रेवरून पवरची उडी. काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजल्या तर ती सात पट्ट्यांची आहे, धुनेतली सगळ्यात मोठी. त्याआधी गवरून सावर येताना चारच उतरतो, आणि सावरून रेवर जाताना दोनच चढतो. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना मोठी उडी नसेल, तर ही धून नाही.

दुसरी जागा शेवट. पहिले चार सूर पवर थांबतात, म्हणून ते अर्धवट लटकलेले वाटतात. दुसरे चार सावर येऊन बसतात आणि भजनातली ओळ समेवर आल्यासारखं वाटतं. "पहिलं वाक्य विचारतं, दुसरं उत्तर देतं" असं जाणवत असेल, तर मला फारशी शंका नाही.

एका गोष्टीनं लोक हमखास फसतात. बेलमधला स्पीकर रुपयाएवढा असतो. खालचा प त्यातून धड निघत नाही, आणि कानाला त्याच्याऐवजी वरच्या सप्तकातला प ऐकू येतो. मग वर-खालीचा हिशेब चुकतो आणि माणूस म्हणतो, "माझ्या बेलचा चौथा सूर तर वर जायचा!" अशा वेळी चढ-उतार बाजूला ठेवा आणि सुरांची नावं पाहा. सप्तक सोडून ग सा रे प, प रे ग सा हाच क्रम जुळला तर धून तीच. तुम्हाला मात्र चौथा खोलच आठवतो, म्हणजे बेलचा डबा मोठा किंवा स्पीकर बरा असावा.

मूळ धून या आठ सुरांपेक्षा मोठी आहे. 1793 मध्ये ती केंब्रिजच्या सेंट मेरी चर्चच्या घड्याळासाठी बसवली गेली, आणि 1859 पासून लंडनच्या बिग बेनबरोबर ती गाजली. घंटा चारच, ग रे सा आणि खालचा प, पण त्यांच्या पाच फिरकी आहेत: ग रे सा प, सा ग रे प, सा रे ग सा, ग सा रे प, प रे ग सा. पाव तासाला पहिली वाजते, अर्ध्या तासाला दुसरी आणि तिसरी, पाऊण तासाला चौथी, पाचवी आणि पुन्हा पहिली, पूर्ण तासाला दुसरीपासून पाचवीपर्यंत चार. तुमचे आठ सूर म्हणजे चौथी आणि पाचवी. "ग रे सा प" असं सरळ उतरत जाणारं आठवत असतं, तर ती पहिली.

पेटीवर जुळलं नाही तर दोन शक्यता पाहा. सूर शेजारी-शेजारी न येता सा, ग, प, वरचा सा असेच सुटे येत असतील, रे कुठंच नसेल, तर ते कुठल्या गाण्याचे नाहीत. रेल्वे स्टेशनवर घोषणेआधी वाजणारे सूर बहुतेकदा असेच असतात, आणि त्यांना शोधायचं नावच नसतं. दुसरं, दोन शेजारचे सूर पाळण्यासारखे हलत असतील, प तीव्र म प तीव्र म प, मग रे म कोमल ग सा, तर ती बेटहोव्हेनची 1810 ची "फ्यूर एलिझे". ती कितीतरी बेलांत आणि गाड्यांच्या रिव्हर्स हॉर्नमध्ये असते. जुनी बेल माळ्यावर पडली असेल तर वायर बोर्डापासून सोडवून झाकण उघडा. आत तीन पायांचा, ट्रान्झिस्टरसारखा काळा तुकडा असेल आणि त्यावर `UM66T19L` छापलं असेल, तर ती "फ्यूर एलिझे"च. शेवटचा आकडा बदलला की धूनही बदलते.

टिंग-टाँगची पत्र्याच्या दोन पट्ट्यांची बेल मात्र इथं बाद. तिच्यात बटण दाबलं की एक पट्टी वाजते, सोडलं की दुसरी. आठ सूर ती देऊच शकत नाही.

आता मामींना फोन करून एकच विचारा: घरात लंबकाचं सेलवरचं भिंतीघड्याळ होतं का? त्यातही पुष्कळदा वेस्टमिन्स्टरचीच धून असते, आणि आठवणीत घड्याळ आणि बेल सहज एक होतात. दार कुणी वाजवलं नसताना बरोबर तासाला धून वाजून मग टोले पडत असतील, तर तुम्ही शोधताय ती बेल नव्हतीच.