पैठणी शोधली की "काहीही सापडलं नाही": साड्यांच्या साइटचं सर्च पान तपासताना

प्रश्न: आमच्या घरच्या साड्यांच्या दुकानाची वेबसाइट झाली आहे, साधारण ४०० साड्या आहेत. सर्च रिझल्टच्या पानाबद्दल डेव्हलपरला पुढच्या आठवड्यात शेवटचं काय ते सांगायचंय. मोबाइलवर एका ओळीत एक साडी बरी की दोन? किंमत अजून मोठी करू का? काही सापडलं नाही की पान ओकंबोकं दिसतं, तिथे बेस्टसेलर लावून टाकू का? फिल्टर ठीक आहेत असं तो म्हणतो.

उत्तर:

"फिल्टर ठीक आहेत" हे वाचलं आणि जुनं दुखणं वर आलं, म्हणून लिहितोय. सर्चचा डबा कुठे असावा, पान पटकन उघडावं वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच, त्यात जात नाही. मी डिझायनर नाही, घरच्या दुकानाची साइट सांभाळता सांभाळता शिकलोय. साड्यांपलीकडच्या धंद्याला हे लागू पडेलच असं नाही.

आमच्या साइटवर पैठणी शोधणारे भरपूर, घेणारं कुणी नाही, असं चार महिने चाललं होतं. लोक नुसतं बघून जातात असा निष्कर्ष मी काढला आणि पैठणीवर १० टक्के सूट लावली. तरी ढिम्म. दसरा-दिवाळी गेली, तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई सुरू झाली. एक दिवस चुलतवहिनी दुकानात आल्या, गादीवर बसल्या आणि म्हणाल्या, "भावजी, पैठण्या अजून साइटवर ठेवल्या नाहीत का?" त्यांच्या पाठीमागचं अख्खं कपाट पैठण्यांचं. मी त्यांचा मोबाइल हातात घेतला. सर्चमध्ये "पैठणी", खाली राखाडी अक्षरात "काहीही सापडलं नाही".

सकाळी त्यांनी सुती साड्या बघताना "₹२,००० च्या आत" हा फिल्टर लावला होता. नंतर सर्चमध्ये नवा शब्द टाकला, पण जुना फिल्टर तसाच चिकटून राहिला. आमची सर्वांत स्वस्त पैठणी साडेसात हजारांची, मग सापडणार काय? मोबाइलवर फिल्टर एका बटणामागे दडलेले, आणि आत काही लावलेलं आहे याची बटणावर खूण नाही. म्हणजे जी पैठणी कुणाला दिसतच नव्हती तिच्यावर मी सूट देत बसलो होतो.

साइट बनवून देणाऱ्या एजन्सीला याआधी तीन मेल गेले होते, की पैठणी सापडत नाही अशी गिऱ्हाइकांची तक्रार आहे. तिन्ही वेळा एकच उत्तर, "सर्च व्यवस्थित चालतोय", आणि सोबत लॅपटॉपवरचा स्क्रीनशॉट. दरवेळी कोऱ्या ब्राउझरमध्ये थेट "पैठणी" टाकून बघत होते, त्यांना सापडणारच. गिऱ्हाईक कोरं येत नाही हो, ते आधी चार गोष्टी बघून येतं. वहिनींच्या मोबाइलवरचा व्हिडिओ पाठवला तेव्हा म्हणाले, हे नवीन काम आहे, वेगळं बिल होईल. असो.

तेव्हा तुम्ही स्वतः साध्या अँड्रॉइड फोनवर, डेव्हलपरच्या लॅपटॉपवर नव्हे, एवढं करून बघा. सुती साड्या शोधा, कमी किमतीचा फिल्टर लावा, एक साडी उघडा, मागे या. फिल्टर तसाच राहिला पाहिजे. इथे तो पुसला गेला तर लोक वैतागतात. आता सर्चमध्ये "पैठणी" टाका. इथे तो गेला पाहिजे. मागे येणं आणि नवं शोधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक साइट्स इथेच घोळ घालतात. लावलेले फिल्टर पानाच्या पत्त्यात लिहिले जात असतील तर मागे येणं आपोआप जमतं. नव्या शब्दाला सगळे फिल्टर पुसावेत हे माझं मत साड्यांपुरतं आहे. चपलांच्या दुकानात पायाचा नंबर राहू द्यावा, माणसाचा पाय दर शोधाला बदलत नाही.

लावलेला प्रत्येक फिल्टर निकालांच्या वर छोट्या पट्टीत, फुलीसकट, दिसायलाच हवा. फिल्टरच्या बटणावर आकडा हवा. एकाच गटातले दोन पर्याय निवडले, समजा हिरवा आणि लाल, तर दोन्ही रंगांच्या साड्या याव्यात. वेगवेगळ्या गटांतले निवडले, हिरवा आणि सुती, तर दोन्ही अटी पाळणाऱ्याच. प्रत्येक पर्यायापुढे किती साड्या ते लिहा, शून्य असेल तर पर्याय फिका करा. यातल्या एवढ्या गोष्टी नीट झाल्या तरी रिकामं पान निम्म्याने कमी दिसेल, असा माझा अंदाज.

रंगाबद्दल एक. आमच्या एक्सेलमध्ये राणी, rani, गुलाबी, Pink हे चार वेगळे रंग होते. कारण माल चढवणारी माणसं चार. फिल्टरमध्ये दहा-बारा मूळ रंगच ठेवा, आणि राणी, डाळिंबी, आमसुली, मोरपंखी ही नावं ज्या त्या मूळ रंगाखाली जोडा. सर्चमध्ये मात्र ही नावं चाललीच पाहिजेत. बायका "मोरपंखी" शोधतात, "निळा-हिरवा" नाही.

आता बेस्टसेलर. कृपा करून लावू नका, निदान निकालाच्या जागी तरी नाही. आम्ही तेही केलं होतं. "नऊवारी" शोधलं की खाली खपाऊ सहावारी साड्या यायच्या, आणि एका गिऱ्हाइकाने नऊवारी समजून सहावारी मागवली. ती परत आली, दोन्ही बाजूंचं कुरिअर आमच्या माथी.

रिकामं पान तीन कारणांनी येतं आणि तिन्हींची उत्तरं वेगळी. फिल्टरमुळे आलं असेल तर तोच शोध फिल्टरशिवाय पुन्हा चालवायचा आणि स्पष्ट लिहायचं: "पैठणीच्या ३८ साड्या आहेत, ₹२,००० च्या आत एकही नाही." खाली एकच बटण, "किमतीची अट काढा". वहिनींना एवढं दिसलं असतं तर माझे चार महिने वाचले असते.

दुसरं कारण शब्दाचं. पैठणी, paithani, paithni. नऊवारी, nauvari, 9 vari. इरकल, irkal, ilkal. यांची जोडयादी हातानेच करावी लागते, चारशे साड्यांना एका दुपारचं काम आहे. "चंदेरी" आणि "चन्देरी" यंत्राला वेगळे शब्द वाटतात हेही डेव्हलपरला सांगा. तिसरं कारण, माल खरंच नाही. तेव्हा "नाही" म्हणा. "हिरवी नऊवारी पैठणी" नसेल आणि सहावारी दाखवत असाल, तर "नऊवारी नाही, या सहावारी आहेत" अशी ओळ निकालांच्या वर, ठळक. न सांगता शब्द गाळून निकाल दाखवणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणंच, हेतू काहीही असो.

एक की दोन? दोन. पण त्याआधी फोटो बदला. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पानाची रुंदी ३६० पिक्सेल धरतात. दोन्ही कडांना १६ आणि मधे १२ सोडले की एका कार्डाला उरतात १५८. त्यात मॉडेलचा उभा फोटो टाकला तर काठ नखाएवढाही दिसत नाही, आणि पैठणी घेणारी बाई आधी काठ-पदर बघते. आम्ही पहिला फोटो घडीचा ठेवला, काठ आणि पदर जवळून, आणि मॉडेल दुसऱ्या फोटोत. त्यानंतर एका ओळीत एक साडी दाखवायची गरजच उरली नाही. एका ओळीत एक ठेवली तर एका नजरेत जेमतेम दीड साडी दिसते, आणि साडी ही तुलना करून घ्यायची वस्तू आहे.

नावाचंही तसंच. आमच्या प्रत्येक कार्डावर "हातमागावरची शुद्ध रेशमी पैठ..." आणि पुढे तीन टिंबं. अठरा कार्डं, अठरा वेळा तेच. वेगळेपण टिंबांत गडप. आता नाव सुरू होतं "मोरपंखी, मुनिया काठ" असं. दोन ओळी द्या, आणि ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ठेवा. इंग्रजीसाठी घट्ट बसवलेल्या ओळीत आपल्या वेलांट्या वरून आणि उकार खालून कापले जातात. "कृ" असलेलं एखादं नाव टाकून बघा.

किंमत मोठी करू नका, ठळक करा. नावाची अक्षरं १४ पिक्सेलची असतील तर किमतीची १६, काळ्या रंगात. खोडलेली जुनी किंमत बारीक, पण वाचता येईल इतकी गडद. सुटीचे टक्के लाल पट्टीत प्रत्येक फोटोवर चिकटवले की हातमागाची साडी सेलमधल्या ढिगातली वाटते. यावर वाद होऊ शकतो, रोजच्या वापराच्या साड्यांना पट्टी चालतही असेल. आकडे आपल्या पद्धतीने तोडा. आमच्याकडे सव्वा लाखाची साडी बरेच दिवस ₹125,000 अशी दिसत होती. डेव्हलपरला हे द्या:

```js
new Intl.NumberFormat('en-IN', {
  style: 'currency', currency: 'INR',
  maximumFractionDigits: 0
}).format(125000)  // ₹1,25,000
```

फॉल-पिकोचे पैसे घेत असाल तर ते गिऱ्हाइकाने निवडायचे, आधीच टिक करून ठेवायचे नाहीत. सक्तीचेच असतील तर कार्डावरच्या किमतीतच धरा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक मार्गदर्शक तत्त्वांत न विचारता टोपलीत वस्तू घालणं आणि शेवटी शेवटी किंमत वाढवणं, दोन्ही येतात. मी वकील नाही, सीएला किंवा वकिलाला विचारून घ्या.

जाता जाता: साइटवरच्या भेटी मोजणारं गूगलचं GA4 लावलं असेल तर `view_search_results` मध्ये `search_term` मिळतो, पण किती साड्या सापडल्या ते आपोआप येत नाही. शोधलेला शब्द, लावलेले फिल्टर आणि निकालांची संख्या, या तीन गोष्टी डेव्हलपरला वेगळ्या नोंदवायला लावा, आणि हे काम करारात आत्ताच लिहून घ्या, नंतर बिल येतं. मी दर सोमवारी शून्य निकालाची यादी काढतो. गेल्या सोमवारी त्यात सात वेळा "खण" होता. माल आहे, नावात आम्ही "Khun" लिहिलं होतं.